छत्री दर जूनमध्ये उलटते आणि काडी त्याच जागी मोडते : कारण कसं शोधायचं, पुढची छत्री कशी निवडायची

तक्रार दरवर्षी तीच असते. मे संपत आला की छत्र्या बाहेर निघतात, पहिलं वादळ येतं, छत्री उलटते, घरी येऊन सरळ करावी तर दोन काड्या मधोमध वाकलेल्या. मग ऑनलाइन नवी मागवायची, त्यावर ‘विंडप्रूफ’ लिहिलेलं असतं, आणि पुढच्या जूनला तीही मोडते. दुरुस्तीच्या टेबलापाशी लोक येतात ते याच वाक्याने : “भाऊ, परत मोडनी ना छत्री!” बहुतेकांची समजूत अशी की माल हलका निघाला. कधीकधी तसं असतंही. पण अनेकदा छत्री जशी लिहिली होती तशीच असते, फक्त ते लिहिलेलं नीट वाचलेलं नसतं. वर्णनातले आकडे आपल्या वाऱ्याशी ताडून पाहायची सवय लागली, तर ही तक्रार पुष्कळ कमी होईल.

आधी आपला वारा समजून घेऊ. खान्देशात छत्रीची गाठ दोन वेगळ्या वाऱ्यांशी पडते आणि दोन्ही छत्रीला वेगवेगळ्या तऱ्हेने मोडतात.

पहिला वारा मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंतचा, वळवाचा. दिवसभर रणरणतं ऊन, दुपारनंतर ढग चढतो, आणि पावसाच्या आधी धूळ उडवत झोत येतो. ढगातली थंड हवा जोराने खाली उतरते आणि जमिनीवर आपटून चहूबाजूंना पसरते, तो हा झोत. रावेर-यावल-चोपड्याकडे केळीच्या बागा आडव्या होतात त्या बहुतेक याच वाऱ्याने. छत्रीच्या दृष्टीने त्याचा वाईट गुण म्हणजे दिशा. रोजचा वारा पश्चिमेचा म्हणून तुम्ही छत्री पश्चिमेकडे धरता, आणि ढग दक्षिणेला असेल तर झोत दक्षिणेकडून येऊन थेट छत्रीच्या पोटात शिरतो. दुसरा वारा जुलै-ऑगस्टचा, पश्चिमेकडून दिवसदिवस वाहणारा. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. हा वारा छत्री एकदम उलटवत नाही, पण रोज हलवून हलवून सांधे ढिले करतो आणि टोकाची शिवण कुरतडतो. म्हणजे जूनमधली मोड एका फटक्याची असते आणि ऑगस्टमधली मोड झिजेची. दोघींचा उपाय एक नाही.

मोड कुठे आहे ते पाहा

मोडलेली छत्री फेकण्याआधी उघडून उलटी जमिनीवर ठेवा. आतून पाहिलं की सांगाडा स्पष्ट दिसतो : मधला दांडा, त्यावर खाली-वर सरकणारी नळी, त्या नळीपासून निघणाऱ्या आधारकाड्या, आणि कापडाला धरून ठेवणाऱ्या मोठ्या काड्या. आधारकाडी मोठ्या काडीला जिथे रिव्हेटने जोडलेली असते ती जागा सगळ्यात महत्त्वाची. तिथून टोकापर्यंतचा भाग अधांतरी असतो. वारा कापडावर जे दडपण टाकतो ते सगळं या एका जागी वाकवण्याचा प्रयत्न करतं, आणि नेमकं तिथेच रिव्हेटसाठी भोक पाडलेलं असतं.

एकाच बाजूच्या दोन-तीन लागोपाठच्या काड्या या रिव्हेटपाशी वाकल्या असतील, तर पोटात शिरलेल्या झोताचा तो फटका आहे. कारण आकार आणि काडीचं धातुकाम यात शोधायचं. काड्या सरळ आहेत, पण कापड टोकाच्या टोप्यांवरून निसटलंय, तर ती शिवणीची झीज आहे. दुहेरी नायलॉन धाग्याने टोपीच्या भोकातून चार-पाच टाके घातले की छत्री पुन्हा चालते. सगळ्या काड्या ठीक आहेत आणि दांडाच वाकलाय, तर बहुधा छत्री उलटल्यावर जोराने उलटी दाबून सरळ केली गेली आहे. आणि आधारकाड्या सरकत्या नळीपाशी, त्यांना नळीला बांधणाऱ्या तारेतून सुटून लोंबत असतील, तर ती तार गंजलेली आहे का पाहा. ओली छत्री गुंडाळून ठेवली की पाणी शेवटी तिथेच जाऊन बसतं.

रिव्हेटपाशी वाकलेली स्टीलची काडी नुसती सरळ करून भागत नाही, कारण पत्र्याचं पन्हळीसारखं नाल एकदा वाकलं की पुन्हा तिथेच वाकतं. जुन्या छत्रीच्या काडीचा दोन इंचाचा तुकडा कापून तो मोडलेल्या जागेवर बाहेरून बसवायचा आणि पक्कडीने दोन्ही बाजूंनी दाबून घ्यायचा. एखाद्-दोन काड्यांना हा उपाय पुरतो. चार काड्या गेल्या असतील तर दुरुस्ती करू नये, असं मी गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो.

एक छत्री, तिचं वर्णन आणि तिचं माप

धुळ्यातल्या एक नर्स ताई रोज पांझरेच्या पुलावरून चालत ड्यूटीला जातात. दर पावसाळ्यात त्यांची तीन घडीची छत्री मोडते आणि दर वेळी त्या आधीच्यापेक्षा महाग घेतात. यंदाची मोडलेली छत्री आणि तिचं ऑनलाइन वर्णन दोन्ही त्यांनी दाखवलं. वर्णन असं होतं : आकार ४२ इंच, ८ काड्या, फायबर, विंडप्रूफ ६० मैल, १९० टी पाँजी कापड, बटणावर उघडणारी आणि मिटणारी.

पहिला आकडा ४२ इंच. छत्री उघडून एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंत टेप सरळ धरली तर माप आलं ३८ इंच. इथे खोटं काही नाही. काडीची लांबी २१ इंच, तिची दुप्पट ४२. म्हणजे विक्रेत्याने माप घुमटावरून, कमानीसारखं घेतलं होतं. पाऊस मात्र डोक्यावर सरळ मापाने अडतो. ३८ आणि ४२ मध्ये चारच इंचांचा फरक वाटतो, पण आडोशाचं क्षेत्र जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी भरतं. बाजारात छत्रीचा आकार तीन तऱ्हांनी लिहितात. एक काडीची लांबी, जसं २१, २३, २७ इंच. दुसरं घुमटावरचं माप. तिसरं उघडल्यावरचा सरळ व्यास. वर्णनात आकडा चाळिशीच्या पुढचा असेल आणि छत्री घडीची असेल, तर तो बहुधा घुमटावरचा समजा आणि सरळ व्यास विचारून घ्या.

ताईंचा विचार असा होता की पुढची छत्री मोठी घ्यावी, २७ इंची, म्हणजे टिकेल. उलट आहे. काडी २३ वरून २७ इंच केली की कापडाचं क्षेत्र सुमारे ३८ टक्क्यांनी वाढतं, आणि अधांतरी भागही लांब होतो. त्यामुळे प्रत्येक काडीला रिव्हेटपाशी वाकवणारा जोर साधारण ६० टक्क्यांनी वाढतो. काड्या आठच्या दहा केल्या तरी तो २३ इंचीपेक्षा तीसेक टक्के जास्तच राहतो. मोठी छत्री शांत पावसात चांगली. आपल्या वाऱ्यात तिला जाड काडी आणि जाड दांडा लागतो, आणि ते वर्णनात क्वचित लिहिलेलं असतं.

मग ‘फायबर’. मी चुंबक घेतला आणि काडीवरून फिरवला. आधारकाडीला चिकटला, मोठ्या काडीच्या मधल्या भागालाही चिकटला, फक्त सगळ्यात बाहेरच्या भागाला चिकटला नाही. म्हणजे तीन घड्यांच्या काडीत शेवटचा तुकडाच फायबरचा आणि बाकी स्टीलचं नाल. मोडली ती जागा स्टीलची, रिव्हेटजवळची. फायबरची काडी वाकून परत सरळ होते, स्टीलचं पातळ नाल एकदा वाकलं की वाकलेलंच राहतं. टोकाचा भाग लवचीक आणि मधला ताठ, अशा काडीत सगळा फटका मधल्या भागाला बसतो. म्हणून वर्णनात फायबर दिसलं की विचारायचं : मोठी काडी पूर्ण फायबरची का? आधारकाडीही फायबरची का? आणि छत्री हातात असेल तर चुंबक फिरवून बघा. अल्युमिनियमलाही चुंबक चिकटत नाही, तेव्हा रंगाने फसू नका. टोकाकडून काडी हळूच वाकवून पाहा. अल्युमिनियम लगेच आकार सोडतं, फायबर परत येतं.

आता ‘विंडप्रूफ ६० मैल’. हा आकडा सगळ्यात जास्त गोंधळ करतो. ताशी ६० मैल म्हणजे ९६ किलोमीटर. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे एक लक्षात ठेवलं तर पुढचं सोपं आहे. ३८ इंची छत्रीच्या पोटात ताशी २० किलोमीटरचा वारा शिरला तर तो हाताला साधारण दोन किलोचा ओढा देतो. ४० किलोमीटरला तोच सात-आठ किलोचा होतो आणि ६० ला सोळा-सतरा किलोचा. ९६ किलोमीटरला हिशेब ४० किलोच्या आसपास जातो. एवढा जोर वाऱ्यात एका मुठीने धरून ठेवणं बहुतेकांना जमत नाही. म्हणजे सांगाडा तो वेग सहन करून दाखवेलही, पण तुम्ही उभे राहू शकणार नाही. ‘विंडप्रूफ’चा प्रामाणिक अर्थ एवढाच : छत्री उलटली तरी काडी न मोडता परत सरळ होते. छत्री उलटणारच नाही, असा अर्थ कोणी काढू नये.

वाऱ्याचे वेग मोजण्याची जी ब्यूफर्ट नावाची जुनी पद्धत आहे, तिच्यात ताशी ३९ ते ४९ किलोमीटरच्या पायरीचं लक्षणच असं दिलंय की मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री वापरणं कठीण जातं. हवामान खात्याच्या वळवाच्या इशाऱ्यात तुम्ही ‘ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे’ हे वाचलं असेलच. ते त्याच पायरीवर येतं. इशारा असा असेल तर छत्री उघडणं हा प्रश्न छत्रीच्या मजबुतीचा राहत नाही. त्या दिवशी रेनकोट घाला, किंवा झोत जाईपर्यंत आडोसा पकडा. वळवाचा पहिला झोत बहुधा फार वेळ टिकत नाही.

ताईंना मी दिली ती २३ इंची सरळ छत्री, घडी नसलेली. आठ काड्या, मोठी काडी आणि आधारकाडी दोन्ही फायबरच्या, वर हवा जायला दुहेरी कापडाचा झरोका. तिचा सरळ व्यास ४० इंचांच्या जवळ, म्हणजे आधीच्यापेक्षा वारा थोडा जास्तच पकडते. पण काडीच्या मध्ये घडीचे सांधे नाहीत, आणि आतली हवा झरोक्यातून निसटते म्हणून एकदम फटका कमी बसतो. झरोक्याचं वरचं कापड खालच्यावर पुरेसं येतं का, हे घेताना बघून घ्यावं, नाहीतर आडव्या पावसात पाणी तिथूनच आत येतं. अडचण एकच, ती पर्समध्ये मावत नाही. ताईंना ते पटायला थोडा वेळ लागला. तीन घडीची छत्री हवीच असेल तर माझं मत असं की ती शांत पावसाची आणि उन्हाची छत्री समजून घ्यावी, पुलावरच्या वाऱ्याची नव्हे.

धरण्याची आणि सरळ करण्याची रीत

वाऱ्यात छत्रीची पाठ वाऱ्याकडे हवी, पोट नको. पाठीवर बसणारा दाब पोटात शिरणाऱ्या दाबापेक्षा बराच कमी असतो, कारण घुमटावरून हवा घसरून जाते. मूठ खाली धरू नका, दुसरा हात दांड्यावर वरच्या बाजूला, सरकत्या नळीच्या जवळ ठेवा. पुलावर, उघड्या शेताच्या कडेला किंवा दोन इमारतींच्या मधल्या बोळातून बाहेर पडताना छत्री आधीच अर्धी मिटा. झोत अशाच जागी अचानक लागतो.

उलटली तर काड्यांची टोकं हाताने खेचू नका. रिव्हेटपाशी न मोडलेली काडी इथे मोडते. छत्रीची पाठ वाऱ्याकडे करा, वारा अनेकदा तिला स्वतःच परत पाडतो. नाही पडली तर नळी खाली ओढून छत्री मिटा, मग पुन्हा उघडा.

दुचाकीवर मागे बसून छत्री उघडणं आमच्याकडे अजून दिसतं, लहान मूल मांडीवर असलं तर हमखास. गाडी ताशी ४० ने जात असेल तर हवा स्थिर असली तरी छत्रीला ४० चा वारा आहे. त्यात पोट पुढे झुकलं की सात-आठ किलोचा हिसका मागे बसलेल्या बाईच्या हाताला लागतो, आणि तो मागे ओढणारा असतो. कोणतीही छत्री, कितीही किमतीची, इथे चालत नाही. गाडीवर फक्त रेनकोट.

कापड गळतंय असं वाटलं तर

‘१९० टी’ म्हणजे एका इंचाच्या चौकटीतल्या उभ्या-आडव्या धाग्यांची मिळून संख्या. ती विणीची दाटी सांगते, पाणी अडवण्याची हमी देत नाही. ते काम आतल्या लेपाचं आणि बाहेरून पाणी ओघळवणाऱ्या प्रक्रियेचं. उन्हात वर्षानुवर्षं वापरलेल्या छत्रीचा लेप इथे आधी जातो. एप्रिल-मेचं ४५ अंशांचं ऊन डोक्यावर, आणि उरलेले महिने पत्र्याखालच्या माळ्यावर. लेप आतून चिकट लागत असेल किंवा पापुद्र्यासारखा सुटत असेल, तर त्या कापडावर आता कोणता फवारा मारून उपयोग नाही.

परीक्षा सोपी आहे. छत्री उलटी करून कापडाच्या एका खोलगट भागात तांब्याभर पाणी ओता आणि दहा मिनिटं थांबा. खालून थेंब पडले तर लेप गेलाय. फक्त शिवणीतून ओल आली तर शिवण सील करणारं द्रव लावून काम होतं. काहीच आलं नाही, पण पावसात तोंडावर बारीक तुषार येतात अशी तक्रार असेल, तर लेप ठीक असू शकतो. जोराचा थेंब ढिल्या कापडावर आदळतो तेव्हा आत बारीक फवारा उडतो. काडीच्या टोकांना कापड नीट ताणलंय का ते पाहा. टोप्या सुटल्या असतील तर त्या आधी शिवा.

रेनकोटच्या वर्णनातही असाच एक आकडा येतो, ‘३००० मिमी’. पाण्याचा तेवढा उंच स्तंभ कापड पेलतं, असा त्याचा अर्थ. हातावर, पाठीवर पडणाऱ्या पावसाला तो पुरेसा आहे. गाडीच्या सीटवर दाबल्या जाणाऱ्या भागाला तो कमी पडतो, तिथे पाणी दबून आत शिरतं. म्हणून गाडीवरच्या रेनकोटला पँटच्या मधल्या शिवणीवर आतून टेप लावलेली आहे का, आणि पुढच्या चेनवर कापडाची दुहेरी पट्टी आहे का, हे आकड्यापेक्षा आधी विचारा.

मागवण्याआधी विक्रेत्याला एवढंच लिहून पाठवा : उघडल्यावरचा सरळ व्यास किती, मोठी काडी आणि आधारकाडी कशाची, दांड्याची जाडी किती मिलिमीटर, आणि उलटून मोडली तर बदलून मिळते का. चांगला विक्रेता चारही उत्तरं देतो. ‘मॅडम, वन-नंबर क्वालिटी आहे’ एवढंच उत्तर आलं तर ती छत्री जुलैच्या रिमझिमीला घ्या, वळवाच्या झोताला नको.